मामांचा खोकला

गेल्या वर्षी डिसेंबरात, एका गुरुवारी दुपारी, मामांनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. मी कॅथलॅबच्या बाहेरच्या खोलीत डबा उघडून बसले होते. दोन अँजिओग्राफी झाल्या होत्या, तिसरा पेशंट टेबलावर यायचा होता. मेसेज लांबलचक होता, पण पहिली ओळ वाचूनच मी ओळखला. तुम्ही दिवसभर दमून संध्याकाळी एकटेच घरी निघालात, अचानक छातीत कळ येते, ती हातात आणि जबड्यात जाते, हॉस्पिटल पाच मैलांवर आहे, तिथवर पोचाल याची खात्री नाही. घाबरू नका. खोल श्वास घ्या आणि जोरजोरात खोका, परत श्वास घ्या, परत खोका. बेशुद्ध व्हायला तुमच्याकडे फक्त दहा सेकंद आहेत. शेवटी नेहमीची विनंती: हा मेसेज दहा जणांना पाठवा, एकाचा तरी जीव वाचेल.

नाशिकमध्ये शेवटचं ‘मैल’ कोण म्हणालं असेल देव जाणे. हा मजकूर इंग्रजीतून आलाय, हे त्या एका शब्दावरूनच कळतं. 1999 पासून तो ईमेलवर फिरतोय. तेव्हा त्यात अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या एका रुग्णालयाचं नाव असायचं, आणि आमचा याच्याशी काही संबंध नाही असं ते रुग्णालय सांगून दमलं. अमेरिकन हार्ट असोसिएशननंही लोकांना हा उपाय शिकवू नका असं स्पष्ट म्हटलंय. मेसेजला त्याचं काय. ईमेल गेली, व्हॉट्सॅप आलं, इंग्रजीची मराठी झाली, मैल तेवढे राहिले.

माझा अंगठा टाइप करायला निघाला होता. मी फोन पालथा ठेवला आणि भाजी खाल्ली.

कारण त्याच्या दोन वर्षं आधी मी एकदा उत्तर दिलं होतं. तेव्हा मामांनी लिंबू आणि कॅन्सर असं काहीतरी पाठवलं होतं. मी दोन मिनिटांत खाली लिंक चिकटवली आणि लिहिलं, ‘मामा, हे खोटं आहे. पुढे पाठवण्याआधी तपासत जा.’ ग्रुपवर त्रेचाळीस माणसं. त्यातल्या एका मावसभावानं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला. मामांनी लिहिलं, ‘आभारी आहे.’ पुढचे तीन-चार महिने त्यांच्याकडून ग्रुपवर फक्त चतुर्थीला गणपती आणि सकाळी सूर्योदय येत राहिला. मला वाटलं, चला, सुधारले.

नंतर एका लग्नात मामी सहज बोलून गेली, की तिच्या बीपीच्या गोळ्या बदलल्या तेव्हा पायाला सूज यायला लागली होती आणि मामांनी ते कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारलं. मी म्हटलं, अगं मला का नाही विचारलंत? मामी म्हणाली, ‘हे म्हणाले, तिला कशाला त्रास. ती रागावते.’ चौदा वर्षं मी हृदयाच्या पेशंटांमध्ये उभी राहते, आणि माझा सख्खा मामा गोळीचं विचारायला मेडिकलवाल्याकडे जातो. मी लिंक बरोबर दिली होती. त्या लिंकमध्ये एक शब्द चुकीचा नव्हता.

मामी गेली त्याला आता दीड वर्ष झालं. मामा जेल रोडला एकटे राहतात, दुसऱ्या मजल्यावर.

तर त्या रविवारी मी स्कूटर काढली. द्वारका चौकात नेहमीसारखी अडकले, नाशिकरोडला पोचेपर्यंत बोटं गारठली होती. मामांनी दार उघडायला बराच वेळ लावला. आतून आधी वरची कडी, मग मधलं लॅच, मग खालची खिटी, असे तीन आवाज आले. तो आवाज मी तेव्हा नुसता ऐकला. त्याचा विचार नंतर केला.

चहा त्यांनीच केला. आलं जास्त, साखर कमी. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, ‘मामा, गुरुवारी तो खोकल्याचा मेसेज टाकलात ना. तुम्हाला कुणी पाठवला होता?’

ते खुश झाले. फोन काढला, चष्मा चढवला, मेसेज शोधून माझ्यासमोर धरला. ‘आमच्या प्रेसच्या ग्रुपवर आला. हे बघ, दोन बाण आहेत. म्हणजे किती लोकांनी पाठवलाय बघ.’

दोन बाण. मेसेज हातोहात फिरत पाच किंवा जास्त वेळा पुढे गेला की व्हॉट्सॅप त्याच्यावर दुहेरी बाण लावतं. सावध राहा, हा मूळ माणसाचा मेसेज नाही, असं त्यांना सांगायचं असतं. मामा मात्र त्याकडे बघतात ते हॉटेलबाहेरच्या गर्दीकडे बघावं तसं. मिसळ खायला आपण कुठे थांबतो? जिथे आधीच चार गाड्या लागल्यात तिथे. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

मामा चलार्थपत्र मुद्रणालयातून, म्हणजे आमच्या भाषेत नोट प्रेसमधून, 2011 साली निवृत्त झाले. आयुष्यभर छापून आलेल्या शीट तपासायचं काम. शाई कुठे सांडली, नंबर कुठे सरकला, कड कुठे चुकली हे पान उलटता उलटता दिसावं लागतं. अजूनही दुकानदारानं पाचशेची नोट परत दिली की ते ती आधी बोटांनी चाचपतात आणि मग उजेडाकडे धरतात. मला वाटलं होतं, आपल्या हातात हुकमाचा एक्का आहे. स्कूटरवर येताना मी तो डायलॉग तयारच करून आणला होता.

‘मामा, नोट आली की तुम्ही बघता ना, वॉटरमार्क आहे का, तार आहे का, नंबर कसाय? मग हा मेसेजही उजेडाकडे धरून बघू. याच्यावर तारीख नाही, डॉक्टरचं नाव नाही, कुणी छापला ते नाही.’

मामांनी बशीत चहा ओतला. ‘शहाणपणा करू नकोस,’ ते म्हणाले, पण हसून. ‘खोटी नोट छापणाऱ्याला पैसे मिळतात. हा मेसेज पाठवून कुणाला काय मिळालं? फुकट सांगतोय बिचारा. कशाला खोटं सांगेल?’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही धड नाही. फसवणुकीचा जो काही अनुभव मामांनी आयुष्यात घेतला, त्यात फसवणाऱ्याचा काहीतरी फायदा होता. इथे पाठवणारा प्रत्येक जण चांगल्या मनानंच पाठवतोय. मी ‘हे खोटं आहे’ म्हटलं की त्यांच्या कानाला ‘तुझा प्रेसमधला मित्र खोटारडा आहे’ असं ऐकू येतं.

मी गप्प बसले म्हणून असेल, ते पुढे म्हणाले, ‘आणि मी करून बघितलंय.’

‘काय?’

‘खोकून. मागच्या आठवड्यात.’

रात्री अडीचच्या सुमाराला जाग आली. छातीच्या मधोमध कुणी पाट ठेवल्यासारखं वाटत होतं. कपाळाला घाम, त्या थंडीत. मेसेज दोनच दिवसांपूर्वी वाचलेला. ते पलंगाच्या कडेला बसले, पाय जमिनीला लावले आणि खोकायला लागले. श्वास, खोकला, श्वास, खोकला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वीस मिनिटं. मग एक मोठी ढेकर आली, जरा मोकळं वाटलं, ते आडवे झाले. सकाळी उठले तर काही नाही.

‘कुणाला फोन?’

‘रात्री अडीचला कुणाला उठवायचं? आणि उपाय लागू पडला ना. म्हणून तर ग्रुपवर टाकला. उगाच नाही टाकला मी.’

तीन दिवस मी मनात ज्या माणसाला समजावत होते तो हा नव्हताच. न वाचता पुढे ढकलणारा म्हातारा माणूस असं मी धरून चालले होते. इथे एक माणूस होता ज्यानं उपाय आधी स्वतःवर वापरला, गुण आला असं त्याला वाटलं, आणि मगच तो त्रेचाळीस जणांना सांगितला. त्या लिंबाच्या मेसेजच्या मागे काय होतं ते मी कधी विचारलं नाही. मामीची मोठी बहीण त्याच महिन्यात केमोथेरपीला जात होती, हे मला आता हे लिहिताना आठवतंय.

आता सांगायचं काय होतं ते बदललं होतं. आणि मला एक गोष्ट माहीत होती जी मी ग्रुपवर कधीच लिहिली नसती, कारण ती मामांच्या बाजूची होती.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘तुमचा मेसेज अर्धा खरा आहे. आम्ही पेशंटला खोकायला लावतो.’

त्यांनी बशी खाली ठेवली.

आमच्याकडे अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय सोडतात. विशेषतः उजव्या वाहिनीत डाय गेला की कधीकधी ठोके एकदम मंदावतात. मॉनिटरवरची रेघ लांबत जाते, रक्तदाबाची लाट सपाट व्हायला लागते. अशा वेळी डॉक्टर डोकं न हलवता ओरडतात, ‘काका, खोका! जोरात खोका!’ काका खोकतात आणि सपाट होत चाललेल्या त्या रेघेवर एक टोकदार शिखर उठतं. परत खोकला, परत शिखर. दोन-चार खोकल्यांत ठोके जागेवर येतात. मी हे कितीतरी वेळा बघितलंय, शिसं घातलेला तो जड ॲप्रन अंगावर घेऊन. 1976 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे नीट मोजून लिहूनही ठेवलं. खोकताना छातीतला दाब वाढतो, आणि हृदय थांबलं असलं तरी तो दाब मेंदूकडे थोडं रक्त ढकलतो.

मामा ऐकत होते तसे लहान मुलं सर्कशीचं ऐकतात. मग त्यांनी स्वतःच विचारलं, ‘मग अर्धा खोटा कुठला?’

हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून पुढचं सगळं सोपं झालं. मी विचारला असता तर तो टोमणा झाला असता.

मी त्यांना बिल्डिंगच्या पाण्याच्या मोटारीवरून सांगितलं. मोटारीला वीज नेणारी वायर करपत चाललीय. मोटार अजून फिरतेय, पण घरघर करतेय, वास येतोय. हा अटॅक. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी वाहिनी गुठळीनं बंद पडलेली असते, हृदय मात्र चालू असतं, माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घामाघूम होतो. आणि मोटार थांबली, टाकीत पाणी चढणं बंद, तो अरेस्ट. तेव्हा माणूस दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध पडतो. मेसेजमधले दहा सेकंद या दुसऱ्या प्रकारातले आहेत आणि कळ, हात, जबडा हे सगळं पहिल्या प्रकारातलं.

‘वायर करपली की मोटार बंदही पडते,’ मामा म्हणाले. बरोबरच आहे. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, म्हणून तर घाई. पण जो माणूस पलंगावर बसून घड्याळाकडे बघत वीस मिनिटं खोकू शकतो, त्याची मोटार चालू आहे. खोकून त्याची गुठळी हलत नाही, वायर जोडली जात नाही. आमच्या टेबलावरचा पेशंट खोकतो तेव्हा त्याच्या छातीवर मॉनिटरच्या वायरी असतात, नेमकं कधी खोकायचं आणि कधी थांबायचं ते दुसरं कुणीतरी रेघ बघून सांगतं, आणि नाहीच जमलं तर शॉक द्यायचं मशीन दोन हातांवर चार्ज होऊन तयार असतं. घरी यातलं काही नाही.

‘मग मला बरं का वाटलं?’

हा सगळ्यात अवघड प्रश्न होता. ‘काहीच नव्हतं’ म्हणणं सोपं होतं, पण मला ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘ॲसिडिटी असेल तर ढेकर आल्यावर बरं वाटतं. आणि हृदयाचं दुखणंही कधीकधी दहा-वीस मिनिटांत आपोआप थांबतं, त्याला अँजायना म्हणतात. दोन्हींत तुम्ही न खोकता नुसते बसून राहिला असतात तरी बरंच वाटलं असतं. यातलं कुठलं होतं ते इथे चहा पिताना मला नाही सांगता येणार.’

‘आणि तिसरं असतं तर?’

‘तिसरं असतं तर ती वीस मिनिटं गेली असती.’

त्यावर मी जास्त बोलले नाही. हॉस्पिटलच्या दारातून आत आल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत ती बंद वाहिनी फुग्यानं उघडायची, असं आमच्याकडे घड्याळ लावून चालतं. स्नायू मरतो तो मिनिटामिनिटानं मरतो आणि मेलेला परत येत नाही. दारापर्यंत पोचण्याआधी घरी गेलेला वेळ मात्र आमच्या घड्याळात धरलेलाच नसतो. रात्री दोनला दुखायला लागलं आणि सकाळी नऊला आले, मधे ओवा झाला, सोडा झाला, पाठ चोळून झाली, असे पेशंट मी पाहिलेत. वय झालेल्यांना आणि डायबेटिस असलेल्यांना तर कधीकधी छातीत धड दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं आणि सगळे म्हणतात गॅस झालाय. मामांना डायबेटिस आहे.

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘सगळं खरं तुझं. पण तो मेसेज एकट्या माणसासाठी आहे. एकट्या माणसानं काय करायचं ते सांग. खोकायचं नाही, मग काय करायचं?’

म्हणजे तो मेसेज त्यांना का आवडला होता ते आत्ता कळलं. त्यात पहिल्याच ओळीत ‘तुम्ही एकटे आहात’ असं होतं. दुसऱ्या कुणी त्यांना हे स्पष्ट म्हटलं नव्हतं. आम्ही सगळे ‘आम्ही आहोत ना’ म्हणत होतो आणि इंदिरानगर, पुणे, ठाणे इथे राहत होतो. मेसेजचं उत्तर चुकीचं होतं, प्रश्न अगदी बरोबर होता. नुसतं उत्तर काढून घेतलं असतं तर रात्री अडीचला त्यांच्या हातात काहीच उरलं नसतं. मग ते खोकलेच असते.

तेव्हा पुढचा तासभर आम्ही तेवढंच केलं. आधी 108. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 2014 पासून आहे, फोनला आणि गाडीला पैसे लागत नाहीत. मामांना नंबर माहीत होता, पण तो अपघातासाठी असतो असं वाटत होतं. मी म्हटलं, पत्ता कसा सांगाल ते म्हणून दाखवा. त्यांनी सर्व्हे नंबरपासून सुरुवात केली. मी म्हटलं, रात्री गाडीवाल्याला सर्व्हे नंबर कळेल का? मग आम्ही तो तीन वाक्यांत बसवला: रोडवरचं देऊळ, त्याच्या शेजारची गल्ली, पिवळी बिल्डिंग दुसरा मजला. ते त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर लावलं. घाबरल्यावर स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी फोनवर रडणाऱ्या माणसांकडून शिकलेय.

मग दार. ते तीन आवाज. मामी गेल्यापासून त्यांनी खालची खिटी नवीन बसवून घेतली होती. मी म्हटलं, मामा, पलंगावरून उठून दार पूर्ण उघडून दाखवा, मी मोजते. बावीस सेकंद लागले, तेही दिवसा आणि बरं असताना. खिटीसाठी पूर्ण वाकावं लागत होतं. छातीत कळ असताना कुणी वाकू शकत नाही आणि रुग्णवाहिकेची माणसं खाली येऊन थांबली तरी दार तोडण्यात वेळ जातो. खिटी काढायला ते तयार होईनात. खूप घासाघीस करून ठरलं ते असं: रात्री फक्त लॅच, आणि लॅचची एक किल्ली समोरच्या वहिनींकडे. दुखलं की आधी फोन, मग दार उघडून ठेवायचं, मग दाराजवळच्या खुर्चीत मागे टेकून बसायचं. जिना उतरायचा नाही, स्वतः गाडी काढायची नाही.

गोळीचं मी तेव्हा मुद्दाम काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी ठीक आला, पण दुखत नसताना तो ठीक येऊ शकतो, म्हणून पुढच्या तपासण्या झाल्या. अँजायना असू शकतो असं ठरलं आणि औषधं सुरू झाली. अल्सर होता का, ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू आहे का, हे सगळं विचारून मग डॉक्टरांनी तसं दुखलं तर ॲस्पिरिन किती आणि कशी चावायची ते त्यांच्यापुरतं लिहून दिलं. तो कागद पत्त्याच्या कागदाखाली लागला.

परतताना रिक्षात मामा म्हणाले, ‘तो मेसेज मी चार ग्रुपवर टाकलाय.’

मी काही बोलले नाही.

‘दीडशे तरी माणसं असतील. आता काय सांगू त्यांना, मी चुकलो?’

मी म्हटलं, चुकलो म्हणायची गरज नाही, ‘नवीन माहिती’ म्हणून टाका. त्यांना ते पटलं नाही. नवीन माहिती म्हटलं की जुनी पण राहते, म्हणाले. जुनी काढायला पाहिजे. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत केव्हाच संपली होती. आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांच्याकडचा कसा काढणार? बिटकोच्या सिग्नलला रिक्षा थांबली होती तेव्हा ते एकदम म्हणाले, ‘स्टार लावतो.’

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. पूर्वी प्रेसमध्ये गड्डीतली एखादी नोट खराब निघाली की त्याच नंबरची नोट परत छापून त्या जागी घालावी लागायची, फार वेळ जायचा. 2006 पासून रिझर्व्ह बँकेनं दुसरी पद्धत आणली. खराब नोटेच्या जागी वेगळ्या नंबरची नोट घालायची आणि तिच्या नंबरात एक छोटा तारा छापायचा. तारा दिसला म्हणजे समजायचं, ही बदली नोट आहे. चांगलीच आहे, चलनातली आहे, फक्त दुसऱ्या एका नोटेच्या जागी आलीय. ‘त्यात कुणाची बेइज्जती नाही,’ मामा म्हणाले. ‘मशीन आहे, माल खराब निघतोच. तपासणाऱ्यानं काढायचा आणि बदली घालायचा. ते तर काम होतं माझं.’

त्या रात्री चारही ग्रुपवर हे आलं. मी एक अक्षर बदललेलं नाही:

‘★ बदली मेसेज. मागच्या गुरुवारी मी खोकल्याचा मेसेज टाकला होता तो सदोष निघाला, कृपया रद्द समजावा. भाची कॅथलॅबमध्ये आहे तिने समजावले. खोकल्याचा उपाय फक्त दवाखान्यात मशीन लावून डॉक्टर समोर असताना चालतो. घरी छातीत दुखले, दम लागला, घाम आला तर गॅस समजू नये. 108 ला फोन करावा. दाराची कडी आधी काढावी, मग खुर्चीत बसावे. मी स्वतः वीस मिनिटे खोकत बसलो होतो, नशिबाने वाचलो. तुम्ही बसू नका. पत्ता लिहून भिंतीवर लावावा. गोळी आपापल्या डॉक्टरला आत्ताच विचारून ठेवावी.’

‘नशिबाने वाचलो’ हे जरा जास्त झालं, पण ते त्यांचं वाक्य होतं. प्रेसच्या ग्रुपवर तीन जणांनी आपापले किस्से लिहिले. एकाला महिन्याभरापासून जिना चढताना छाती भरून येत होती आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मावसभावानं या वेळी हात जोडले. मामा अजूनही कारल्याचा रस आणि तांब्याचं भांडं पाठवतात. ते मी वाचते आणि सोडून देते. त्यानं कुणी 108 ला फोन करायचं थांबत नाही.

फेब्रुवारीत, द्राक्षांच्या दिवसांत, आमच्या लॅबमधल्या एका मुलीनं मला फोन दाखवला. तिच्या आईनं सिन्नरहून पाठवलेला मेसेज. वर तारा. ‘दाराची कडी आधी काढावी, मग खुर्चीत बसावे.’ मला हसू आलं आणि मग खाली वाचत गेले तसं ते गेलं. भाची गायब झाली होती. तिच्या जागी ‘नाशिकच्या सुप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला’ आला होता. शेवटचं वाक्यही बदललं होतं: डॉक्टरला विचारून ठेवायच्या ऐवजी प्रत्येकानं चार गोळ्या लगेच चावाव्यात, कितीच्या ते न सांगता. खाली दहा जणांना पाठवायची विनंती. आणि डोक्यावर दोन बाण.

रविवारी मी तो मामांना दाखवला. त्यांनी फोन हाताच्या अंतरावर धरला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग परत वर गेले.

‘नंबर आपला आहे,’ म्हणाले. ‘नोट आपली नाही.’

थोडा वेळ त्यांनी अंगठ्यानं स्क्रीन वर-खाली केली. मग विचारलं, ‘हा तिच्या आईला कुणी पाठवला?’

मी म्हटलं, मी तिला सांगते, आईला कळव म्हणून, की हे खोटं आहे.

‘तू काही बोलू नकोस,’ मामा म्हणाले. ‘तिला वाईट वाटेल. मला नंबर दे, मीच बोलतो. त्यांच्या घरी कुणाला छातीचा त्रास झालाय का ते आधी विचारतो.’